तेरावा भाग

कल्याण सुटलं तेव्हा कुणाच्या तरी मोबाइलवर पेटी वाजत होती. समोरचे काका डोळे मिटून म्हणाले, "थेट त्या मालिकेची सुरावट. ती पोस्टमनची... 'पोच'!"

"'पोचपावती'," खिडकीतल्या बाईंनी वर न बघता दुरुस्ती केली. मास्तरीणबाई असणार. पेपर तपासल्याचा सराव आवाजात होता.

"'पोच'च हो. दूरदर्शनवर, दर बुधवारी."

"मंगळवारी. आणि 'पोचपावती'."

तेवढ्यात वरच्या बर्थवरून दोन पाय खाली आले आणि त्यांच्यामागून एक गृहस्थ. "माफ करा, पण ती 'शेवटचं टपाल'. मी सगळी पाहिलीय."

मी साइड लोअरला होतो. पुस्तक उघडं होतं, पण आता वाचतंय कोण!

कथानकाबद्दल मात्र तिघांचं एकमत होतं. पोस्टमनला जुन्या झोळीच्या अस्तरात वीस वर्षं अडकलेलं एक आंतरदेशीय पत्र सापडतं. पत्ता पावसात फुटलेला. तो दर भागात नव्या दारात जाऊन विचारतो, हे तुमचं का? तेरा भाग, तेरा दारं. काकांनी तर पोस्टमन सायकलवर बसण्याआधी विजारीला चाप कसा लावायचा तेही वाकून दाखवलं. डाव्या पायाला.

"उजव्या," बाई म्हणाल्या.

"डाव्या. मला डोळ्यांसमोर दिसतंय."

"साखळी उजवीकडे असते. डाव्या पायाला चाप लावून काय करायचंय?"

यावर काका गप्प झाले, पण ते घटकाभरच. चाप गेला तरी नाव गेलं नव्हतं.

कसाऱ्याला गाडी थांबली, मागे ढकलायला बँकर इंजिनं लागली, आणि घाट सुरू झाला तसा वादही चढाला लागला. पलीकडच्या खणातले दोघे येऊन उभे राहिले. एकाने 'बिनपत्त्याचं' असं नाव सुचवलं, पण तो सुचवतोय की आठवतोय हे त्याचं त्यालाच कळेना, म्हणून त्याला बाद केलं. टीसी आले, तिकिटं बघता बघता थबकले. "त्यात ती म्हातारी होती ना, रोज दारात उभी राहणारी?" एवढंच म्हणाले आणि काकांचं तिकीट न बघताच पुढे गेले.

काकांच्या शेजारची कॉलेजातली मुलगी इतका वेळ मोबाइल चोळत होती. बोगद्यांमागून बोगदे, रेंज कुठली यायला! इगतपुरीला एकदाची आली. तिने तिन्ही नावं टाकून पाहिली.

"काहीच नाहीये. एक फोटोसुद्धा नाही."

"असेल कसा?" वरचे गृहस्थ म्हणाले. "टेपा महाग असायच्या. जुनं पुसून त्यावरच नवीन भरायचे. कितीतरी कार्यक्रम तसेच गेले."

"की मग अशी मालिका नव्हतीच?"

तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं की पोरीने पाय वर घेतले.

"बरं, शेवट काय झाला ते तरी सांगा," ती म्हणाली.

इथे पहिल्यांदा डब्यात गाडीचा आवाज ऐकू आला. बाई चष्मा पुसायला लागल्या. तेराव्या भागाला त्यांच्याकडे वीज गेली होती. काकांची त्याच आठवड्यात बदली झाली, टीव्ही गोणपाटात बांधलेला. आणि 'सगळी पाहिलीय' म्हणणारे गृहस्थ पाहायला जायचे शेजाऱ्यांकडे. त्या दिवशी शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप होतं.

"पत्र त्या म्हातारीचंच असणार," काका हळूच म्हणाले.

"छे, त्याच्या स्वतःच्या आईचं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तो फोडत नाही."

"फोडतो. आत कोरं निघतं," वरचे म्हणाले. मला हा शेवट फारच आवडला. त्यांनी तो आत्ता रचला होता हे उघड होतं, तरीही.

यानंतर भांडण्यात कुणाला रस उरला नाही. नाशिक रोड येईपर्यंत तडजोड झाली: नाव 'पोच', वार मंगळवार, पत्र कोरं. चाप उजव्या पायाला.

नाशिक रोडला एक सत्तरीचे गृहस्थ चढले. बॅग सीटखाली सरकवताना त्यांच्या कानावर शेवटचं वाक्य पडलं असावं.

"'हस्ते परहस्ते' म्हणताय का तुम्ही?" ते हरखून म्हणाले. "ती पोस्टमनची? आमचं अख्खं घर बघायचं. शेवटी तो पत्र पोस्टाच्या पेटीतच परत टाकतो आणि..."

"नाव 'पोच' होतं," बाई म्हणाल्या.

"नाही हो. पाकिटावर शिक्का पडायचा आणि त्या शिक्क्यात अक्षरं उमटायची, 'हस्ते पर...'"

"'पोच'," काका म्हणाले.

"'पोच'," वरचे गृहस्थ म्हणाले.

ते गृहस्थ गोंधळून माझ्याकडे वळले. मी त्या मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही.

"'पोच'च, आजोबा," मी म्हटलं. "दर मंगळवारी असायची."