भाड्याबद्दल जरा बोलायचं होतं
काका नमस्कार, मागच्या रूममधला एमएस्सीवाला. जूनमध्ये आपलं ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट संपतंय आणि तुम्ही परवा ६५०० चे ७००० करायचं म्हणालात, त्यावर एक विचारायचं होतं, राग मानू नका. माझं विद्यापीठात अजून एक वर्ष आहे आणि नंतर बी.एड. पण कोल्हापुरातच करायचंय, म्हणजे मी काय इथनं हलत नाही बघा. तर ६२०० करून परत ११-११ महिन्यांची दोन ॲग्रीमेंटं आत्ताच ठरवूया का? मधे भाडं वाढवायचं नाही, आणि मी मधेच सोडली तर डिपॉझिटमधला एक महिना तुम्ही ठेवा, तसं लिहूनच घेऊ. राजारामपुरीत रूमला गिऱ्हाईक मिळतंय हे खरं, पण पोरं परीक्षा झाली की गावाकडं जातात आणि ॲडमिशन होईपर्यंत रूम मोकळी, वर एजंट, रंग, परत नवीन पोरगं कसलं निघतंय कुणास ठाऊक. माझं भाडं ५ तारखेच्या आत येतंय, मोटर पण मीच बंद करतोय की रोज. दुसऱ्या ॲग्रीमेंटला ६४०० म्हणालात तरी चालेल. रविवारी बाबा येणारेत, तेव्हा बसून बोलूया? काकूंना पण विचारा.