विषय: तुमच्या कॉर्डलेस ड्रिलवर व्हिडिओ – प्रस्ताव आणि दर

नमस्कार,

मी मृणाल. घरातली दुरुस्ती स्वतः करणाऱ्यांसाठी मराठीत यूट्यूब चॅनेल चालवते. तुमचं छोटं कॉर्डलेस ड्रिल मी चार महिने वापरतेय (स्वतः विकत घेतलेलं), म्हणून हा मेल.

सबस्क्रायबर ८४,००० आहेत, पण दर ठरवताना तो आकडा बाजूला ठेवू. शेवटच्या १० व्हिडिओंना पहिल्या ३० दिवसांत सरासरी २६,००० व्ह्यूज मिळाले. एक व्हिडिओ अचानक ३ लाखांवर गेला, तो या सरासरीत धरलेला नाही. प्रेक्षकांपैकी ६८ टक्के २५ ते ४४ वयाचे. बहुतेक जण कमेंटमध्ये एकच विचारतात: ‘कोणतं ड्रिल घेऊ?’

कल्पना अशी: भाड्याच्या घरात, कमीत कमी भोकं पाडून एक भिंत सजवायची. ९ मिनिटांचा व्हिडिओ, त्यात ड्रिलला साधारण दीड मिनिट.

दर ३९,००० रुपये. हिशोब २६,००० व्ह्यूज गुणिले दीड रुपया. यात चित्रीकरण, संकलन आणि एक दुरुस्ती आली. व्हिडिओ तुमच्या जाहिरातीत ९० दिवस वापरायचा असेल तर आणखी १०,०००. पहिल्या ३० दिवसांत व्ह्यूज २०,००० च्या खाली राहिले, तर एक शॉर्ट मोफत देईन.

सशुल्क भागीदारी असल्याचं व्हिडिओत स्पष्ट सांगेन. बॅटरी लवकर उतरते, तेही सांगेन. ते चालणार नसेल तर आत्ताच कळवा.

ॲनालिटिक्सचे स्क्रीनशॉट जोडलेत. गुरुवारी दुपारी फोनवर बोलता येईल का?

मृणाल