गोडाऊनच्या बेसमेंटात पाणी भरलंय, रविवार पेठ, सकाळी 9.40 पर्यंतची सगळी माहिती

अण्णा, तुमचा फोन बंद लागायलाय, दवाखान्यात असाल म्हणून सगळं इथंच लिहितो. आधी एवढं वाचा, माणूस कुणाला काय झालेलं नाही, खालची लाईट तोडलीय, पंप चालू आहे आणि पाणी आता उतरायलंय.

काल रात्री 8.30 ला कुलूप लावलं तेव्हा खाली कोरडं होतं, मी स्वतः जिन्यातनं बघून आलतो. रात्रभर पाऊस थांबलाच नाही म्हणून आज लवकर आलो, 6.10 ला शटर उचललं तर गटारीचा वास, बॅटरी मारली तर जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या पाण्यात. खाली उतरलो नाही, कारण वजनकाट्याचा प्लग खालच्याच बोर्डात असतो. वरचा मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात ठेवले, ते अजून माझ्याजवळच आहेत. मग जिन्याजवळच्या खांबाला टेप लावली, 14 इंच. खडूनं खूण केली आणि फोटो काढला. 7 ला 16 इंच झालं, 8 ला 18. त्याच्यावर गेलं नाही.

पाणी शटरकडनं आलेलं नाही अण्णा, कोपऱ्यातल्या मोरीच्या जाळीतनं उलटं यायलंय, बुडबुडे दिसत होते. रस्त्याची गटार तुडुंब आहे, तेच पाणी पाईपातनं आत ढकलायलंय. 2019 च्या ऑगस्टात पण पाणी बाहेरच्या पायरीपर्यंत आलतं पण आत आलं नव्हतं, तेव्हा ही मोरी नव्हती. मुकादम आणि एक हमाल आल्यावरच आत उतरलो, कमरेला दोरी, हातात काठी. आधी जाळीत नुसता बोळा कोंबला तर तो लगेच वर आला, मग वाळूचं पोतं दाबून त्याच्यावर 20 किलोची दोन वजनं ठेवली, आता झिरपतंय तेवढंच.

पंप मुकादमाच्या भावाच्या शेतावरचा आणलाय, 2 इंची पेट्रोलचा. सक्शन पाईप लांडा होता म्हणून मुकादम म्हणाले इंजिन जिन्यात ठेवूया, मी नाही म्हटलं, बंद जागेत धूर कोंडला की माणूस कधी आडवा पडतो कळत नाही. ओळखीच्या हार्डवेअरवाल्याला उठवून 20 फूट पाईप घेतला, इंजिन बाहेर ताडपत्रीखाली आहे. पाणी ओतून प्राइमिंग करून 8.05 ला चालू केला, पंधरा मिनिटात बंद पडला, बघतो तर तोंडाला डाळ आणि सुतळी अडकलीय. आता सक्शनच्या तोंडाला कांद्याची जाळीची पिशवी बांधलीय, दर वीस मिनिटांनी इंजिन बंद करून ती झाडून घेतो. बाहेरचा पाईप दारातल्या गटारीत सोडला नाही, तेच पाणी फिरून आत आलं असतं, उताराला पन्नास एक फूट खाली मोठ्या नाल्याच्या तोंडाशी नेलाय. 9.30 चं माप 13 इंच. आपलं बेसमेंट 40 बाय 30 आहे म्हणजे एका इंचाला अडीच-तीन हजार लिटर पाणी येतं, त्यामुळं दुपारी एक तरी वाजेल, शेवटचं दोन इंच बादली आणि वायपरनं काढावं लागेल.

मालाचं सांगतो. लाकडी फळ्या 5 इंचाच्याच, त्यामुळं प्रत्येक थप्पीची खालची दोन थरं गेली. साखर 42 पोती, 50 किलोची, त्यातली बरीच विरघळून थप्पी डावीकडं कललीय, तिकडं कुणालाच जाऊ देत नाही. तूर डाळ 36 पोती, 30 किलोची, फुगायलीय. इंद्रायणी तांदूळ 60 बॅगा, 25 किलोच्या. तेलाचे 15 किलोचे 48 डबे बुडाले, सीलबंद आहेत पण हे गटारीचं पाणी आहे, म्हणून वेगळे ठेवणार. वरची थरं आत्ता ओढली तर थप्पी अंगावर येईल, पाणी उतरल्यावर वरनं उतरवत घेऊ. पोहे आणि गूळ माळ्यावर होता, तो सुटला. स्टॉकचं रजिस्टर पण वरच होतं, आकडे त्यातनंच घेतलेत, प्रत्यक्ष मोजणी झाली की फरक कळवतो.

भिजलेलं धान्य वाळवून विकूया असं कुणी म्हटलं तर मी देणार नाही अण्णा, लोकांच्या पोटात जातं ते. टाकणार पण नाही, इन्शुरन्सचा सर्व्हेअर बघेपर्यंत सगळं तसंच राहू दे. पॉलिसीची फाईल तुमच्या कपाटात आहे, वहिनींना फोटो पाठवायला सांगा, म्हणजे आजच कळवतो. गटारीसाठी महापालिकेला द्यायचा अर्ज शेजारच्या भांडीवाल्या काकांच्या मुलाकडनं कन्नडमधनं लिहून घेतलाय, खाली तुमची सही पाहिजे की माझी चालेल ते सांगा.

पंपाचं भाडं आणि पाईपाचे पैसे गल्ल्यातनं दिलेत, चिठ्ठी ठेवलीय. पुढचं माप 10.30 ला टाकतो.