विषय: वसमतच्या हळद पावडर युनिटची प्रेस रिलीज (एप्रिल अंकासाठी, फीत कापायची बातमी नाही)

नमस्कार सर,

गजानन, वसमतहून. मागच्या वर्षी पुण्याच्या मसाला प्रदर्शनात अगदी कोपऱ्यातल्या स्टॉलवर हळकुंडाची परडी घेऊन बसलो होतो, तुम्ही एक हळकुंड मोडून बघितलं अन् विचारलं हे उकडलं कुणी, आत रंग सारखा नाही. तो मीच. उकडलं माझ्याच काकांनी होतं, त्यांना मी अजून सांगितलं नाही.

त्यानंतर मी तुम्हाला एक प्रेस रिलीज पाठवली होती अन् तुम्ही फोनवर सांगितलं होतं की बाबा रे, अमुक साहेबांच्या शुभहस्ते छापायला माझ्याकडं जागा नाही, मशिनरीवाला नाहीतर माल घेणारा वाचक त्यात काय वाचणार. खरं सांगतो, तेव्हा राग आला होता. आता चार महिने मशीनसोबत घालवल्यावर कळालं तुम्ही काय म्हणत होता. म्हणून ह्या वेळेस रिलीज जोडलीय, पण ती का वाचावी ते इथं आधी सांगतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

बातमी एवढीच आहे: वसमत तालुक्यातल्या 412 शेतकऱ्यांची आमची शेतकरी उत्पादक कंपनी 19 मार्चला, म्हणजे पाडव्याला, स्वतःचं हळद पावडर युनिट सुरू करायलीय. तासाला 500 किलो, एक शिफ्ट. तुमच्या अंकात दर महिन्याला ह्याच्या दहापट मोठी युनिटं येतात ते मला माहितीय, तर क्षमतेवर बातमी होत नाही.

बातमी कुठं आहे ते सांगतो. येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावर आमच्याकडं हळद वाढली, 2024 ला वसमत हळदीला जीआय मिळालं, सत्कार झाले, हार झाले, अन् माल आजबी पोत्यात भरून सांगली, निजामाबाद, इरोडच्या गाड्यांतच चढतो. पावडर तिकडं होते, नाव तिकडचं लागतं. जीआयचा लोगो पोत्यावर लावून काय उपयोग, पोतं तर पहिल्याच गोदामात फोडतात. तर आपली हळद आपल्याच शिवारात दळायची म्हणून आम्ही निघालो, अन् पहिल्याच घासाला खडा लागला. तोच खडा मला तुमच्या वाचकांपुढं ठेवायचाय.

ऑक्टोबरमध्ये पहिली ट्रायल घेतली. मागच्या हंगामाची 11 क्विंटल हळद टाकली. पावडर दिसायला एकदम झकास, पिवळीधमक, आम्ही सगळे खुश, पेढे आणले. लॅबला सँपल पाठवलं अन् रिपोर्ट यायच्या आत एकेक किलोच्या पुड्या सभासदांच्या घरी वाटल्या. दुसऱ्या दिवशी आमची आई म्हणली, रंग आहे रे पण वासच नाही, भाजीत टाकली का नाही कळंना. मी म्हणलं तुला सर्दी झालीय. मग शेजारच्या दोन घरून तेच. नंतर लॅबचा रिपोर्ट आला, कुरकुमिन 3.6 टक्के म्हणजे चांगलंच, एफएसएसएआयला कमीत कमी 2 लागतं, ओलावाबी 10 च्या आत. कागदावर माल पास! पण सुगंधी तेल जे हळदीत असतंय ते निम्म्याच्या आसपास उडून गेलेलं, अन् ती टेस्ट आम्ही सांगितलीच नव्हती, नंतर पैसे भरून वेगळी करून घेतली.

कारण साधं होतं. पल्व्हरायझरच्या तोंडाशी पावडर निघत होती 78 अंशाला. जॅकेटमध्ये फिरणारं पाणी गार करायला जो चिलर दिला होता तो आमच्या हवेच्या हिशोबाचाच नव्हता, पुरवठादारानं 30 अंशाची हवा धरून साइझ काढलेला, अन् इथं मे मध्ये काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, ऑक्टोबर हीटमध्येच तो दम टाकायला लागला. (पुरवठादाराचं नाव छापू नका, त्यांनी नंतर अर्धा खर्च सोसून चिलर बदलून दिलाय, आमचं भांडण मिटलंय.)

मग आम्हाला सगळे सांगायला लागले क्रायो करा, क्रायो करा. लिक्विड नायट्रोजन म्हणजे उणे 196 अंश, वास बराच जास्त टिकतो, मान्य. पण टँकर येणार कुठून, रस्त्यात उडणार किती, अन् किलोमागं खर्च बसणार किती, हे तीन रात्री बसून आम्ही वहीवर काढलं अन् नाद सोडला. आमच्या एवढ्या युनिटला ते हत्ती पोसण्यासारखं आहे. त्याच्याऐवजी तीन गोष्टी केल्या. दळण दोन टप्प्यांत तोडलं, आधी जाडसर भरडा, तो रात्रभर पसरून गार, मग बारीक 60 मेश. चिलर दीडपट केला. अन् बारीक दळण पहाटे 4 ते सकाळी 11 ह्याच वेळेत. शेवटचं हे इंजिनियरनं नाही सुचवलं, आमच्या एका आजोबांनी सुचवलं, ते म्हणले आमच्या आया जात्यावर पहाटंच दळायच्या ना. लोक हसले, पण डिसेंबरच्या ट्रायलला पावडर 47 अंशाला निघाली. एप्रिलमध्ये किती निघंल ते अजून बघायचंय, ते 47 म्हणून कुठं मिरवत नाही मी.

तुमच्या वाचकांत छोटे गिरणीवाले, एफपीसीवाले लई आहेत. त्यांना कुरकुमिनचा आकडा सगळेच विकतात, दळणाचं तापमान कुणी सांगत नाही. ऑक्टोबर अन् डिसेंबर, दोन्ही ट्रायलचे लॅब रिपोर्ट मी देतो, नापास वाटणाऱ्यासकट. तापमानाची वहीबी देतो, हातानं लिहिलेली आहे, पानावर हळदीचे डाग आहेत, फोटो काढला तर छान येईल.

दुसरी एक गोष्ट, थोडक्यात. आम्ही पॉलिश केलेली हळद बाहेरून घेत नाही, सभासदाकडूनबी नाही. उकडून वाळवलेली घेतो अन् पॉलिश आमच्याच ड्रममध्ये. कारण रंगाची भेसळ बऱ्याचदा पावडरमध्ये नाही तर ह्या पॉलिशच्या ड्रममध्येच होते, हळकुंडावर पिवळा चढवायला लेड क्रोमेट टाकतात, ते शिसं नंतर दळणात जातं अन् बदनाम गिरणीवाला होतो. प्रत्येक शेतकऱ्याच्या लॉटला नंबर आहे, 4 टक्क्यांच्या वर कुरकुमिन भरलं तर क्विंटलमागं वेगळा भाव. ह्यावरून सभासदांत कुरबुर चालूच आहे, सेलम लावणारे खुश अन् बाकीचे म्हणतात आमचं पोतं हलकं ठरवायले. लपवत नाही, विचारा त्यांना.

पैशाचं पण लिहा हवं तर. कर्ज बँकेचं, कृषी पायाभूत सुविधा निधीतून 3 टक्के व्याज सवलत आहे, ती 2 कोटीच्या कर्जापर्यंत मिळती अन् आमचं कर्ज त्याच्या आतच आहे. बाकी सभासदांचे शेअर. तपशील रिलीजमध्ये आहे.

रिलीजचा पहिला परिच्छेद इथंच देतो म्हणजे अटॅचमेंट उघडायच्या आत अंदाज येईल:

"वसमत, जि. हिंगोली: तालुक्यातील 412 हळद उत्पादक शेतकऱ्यांच्या कंपनीचे पावडर युनिट गुढीपाडव्याला, 19 मार्च 2026 रोजी, सुरू होत आहे. ताशी 500 किलो क्षमतेच्या या युनिटमध्ये हळद दोन टप्प्यांत दळली जाते. पहिल्या चाचणीत पावडर 78 अंश सेल्सिअसला बाहेर पडून सुगंधी तेलाचे मोठे नुकसान झाले होते. शीतकरण यंत्रणा आणि दळणाची वेळ बदलल्यानंतर डिसेंबरच्या चाचणीत हे तापमान 47 अंशांवर आले. युनिटमध्ये फक्त सभासदांची, पॉलिश न केलेली हळद घेतली जाईल."

आमच्या अध्यक्षांना ते "नुकसान" खटकलंय, म्हणले आपलीच चूक आपण कशाला छापायची. मी म्हणलं सर तेच वाचतील, बाकी नाही वाचणार. मी हरलो तर तो शब्द तुम्ही तुमच्या बातमीत टाका, माझं नाव सांगू नका.

काय काय देऊ शकतो: मशीनचे, ड्रमचे, भरड्याच्या ताटांचे फोटो, साधे, हार-गुच्छ नसलेले. ऑपरेटरशी बोलता येईल, तो पूर्वी तेलगिरणीत होता अन् आवाजावरून सांगतो दळण तापलं का. आमच्या आईशीबी बोलता येईल पण ती फोनवर लई बोलती. तुमचं कुणी यायला तयार असेल तर नांदेडला उतरा, तिथून तासाभरात वसमत, मी गाडी घेऊन येतो. यायचंच तर पाडव्याच्या आधी या, 10 ते 15 मार्चच्या मधी, तेव्हा काढणी संपत आलेली असते, शेतात कुकर लागलेले, वाळवण पसरलेलं, पहाटेचं दळणबी बघता येईल. पाडव्याला गर्दी असंल, मंडप, माईक, अन् तुम्हाला नको तेच सगळं. फीत कापणारा साहेब नाही पण, आमचे सगळ्यात जुने सभासद बटण दाबणार आहेत, तेच ते जात्यावाले आजोबा.

ही रिलीज सध्या फक्त तुम्हालाच पाठवायलोय. स्थानिक पेपरांना 18 तारखेला संध्याकाळी जाईल, तेवढी एकच विनंती की तुमच्या वेबसाइटवर 19 च्या आधी टाकू नका, अंकात तर ती नंतरच येणार. लॅबचा डेटा अन् वही मात्र दुसऱ्या कुठल्या मासिकाला देणार नाही, तुम्ही 25 फेब्रुवारीपर्यंत हो-नाही कळवलं तर बरं होईल. नाही म्हणलात तरी चालतंय, फक्त कशामुळं ते एका ओळीत लिहा, मागच्या वेळेस फोनवर झापलं तेच कामाला आलं.

आणि जाहिरातीचं तुमच्या ऑफिसमधून एकांनी विचारलं होतं. सध्या बजेट नाही, खोटं कशाला बोलू. दिवाळीच्या वेळेला बघू, पण त्याचा ह्याच्याशी संबंध लावू नका.

अर्धा किलो पावडर डिसेंबरच्या ट्रायलची आज कुरियर केलीय तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर, अन् सोबत छोटी पुडी ऑक्टोबरचीबी आहे, पुडीवर तारीख लिहिलीय. दोन्ही वेगवेगळ्या वाटीत घेऊन कोमट पाणी टाका अन् वास घ्या. घरच्यांना द्या घ्यायला, त्यांना आधी कळंल.

आपला,
गजानन
विक्री-खरेदी, शेतकरी उत्पादक कंपनी, वसमत

ता. क. : अटॅचमेंट तीन आहेत, रिलीज, दोन लॅब रिपोर्ट एकाच फाइलमध्ये, अन् वहीच्या चार पानांचे फोटो. वहीत मधीच एका पानावर उधारीचा हिशोब आहे, ते पान काढायचं राहिलं, तेवढं छापू नका.