‘दुसरी किल्ली’: रविवार, १ फेब्रुवारी २०२६ चं शूटिंग शेड्यूल आणि चेकलिस्ट

मंडळी, हे पूर्ण वाचा. आपण सहाजण आणि दोघी कलाकार: काकूंच्या भूमिकेत सुनंदाताई, निशाच्या भूमिकेत गार्गी. एकच दिवस, एकच इमारत: शुक्रवार पेठेतलं ऋतुजाच्या आत्यांचं दुसऱ्या मजल्यावरचं घर, त्याबाहेरचा जिना आणि वरची गच्ची. स्क्रिप्ट साडेपाच पानांची, सीन सात, शॉट सव्वीस. रस्त्यावरचा एकही शॉट ठेवलेला नाही, त्यामुळे पोलिसांची किंवा महापालिकेची परवानगी लागणार नाही. जिना आणि गच्चीसाठी सोसायटीचं लेखी पत्र मिळालंय, रात्री नऊपर्यंतचं. त्याची प्रत माझ्या फाइलमध्ये असेल.

सीनचा क्रम गोष्टीप्रमाणे लावलेला नाही. तो उजेड, आवाज आणि कपडे बघून लावलाय. सुनंदाताईंना साडी एकदाच बदलावी लागेल आणि गार्गीलाही कपडे एकदाच.

कोण काय बघणार: ऋतुजा दिग्दर्शन, ओंकार कॅमेरा आणि लाइट, तन्मय साउंड, मानसी कपडे आणि प्रॉपर्टी, समीर जेवणखाण, जिन्यावरची ये-जा आणि कार्ड कॉपी करणं. क्लॅप, कन्टिन्युइटी आणि घड्याळ माझ्याकडे. वेळेबद्दल माझं ऐका, शॉटबद्दल ऋतुजाचं.

दिवसाचा क्रम

७:०० सगळी टीम घरी. चपला खालच्या रॅकवर, आत्यांच्या दारात ढीग नको. पाण्याची मोटर साडेसातपर्यंत चालू असते, तोवर फक्त मांडामांड.

७:३० सुनंदाताई आणि गार्गी येतील. समीर, सुनंदाताईंना कोथरूडहून आणायची रिक्षा ६:५० ला त्यांच्या दारात हवी. आधी नाश्ता, मग मेकअप.

८:१५ ते ९:३० सीन १, स्वयंपाकघर, काकू चहा करतात. ३ शॉट. पूर्वेच्या खिडकीतलं ऊन ओट्यावर साधारण साडेनऊपर्यंत टिकतं, म्हणून दिवसाची सुरुवात इथून. पहिला शॉट वाफेचा. ओंकार, वाफ मागून येणाऱ्या उजेडातच दिसते, तेव्हा कॅमेरा खिडकीकडे तोंड करून.

९:४५ ते १२:४५ सीन ३, हॉल, काकू आणि निशाचं बोलणं. ८ शॉट. अख्खी फिल्म या सीनवर उभी आहे, म्हणून तीन तास इथे दिलेत आणि दोघी ताज्या असताना दिलेत. आधी पूर्ण सीनचा मास्टर. मग काकूंच्या बाजूचे सगळे शॉट सलग, त्यानंतर लाइट फिरवून निशाच्या बाजूचे. कॅमेरा दोघींमधल्या रेषेच्या खिडकीकडच्याच बाजूला राहील. मी जमिनीवर टेपची खूण करून ठेवते. काकू गप्प बसून किल्लीकडे बघतात तो क्लोज-अप घाईत घेऊ नका. त्यासाठी दुसरीकडचे दोन शॉट गेले तरी चालतील.

१२:४५ जेवण. पोळी, मटकीची उसळ, मसालेभात, ताक. आठजण आणि आत्या, म्हणजे नऊ पानं. सुनंदाताईंना साखर आहे, त्यांचं जेवण एकच्या पुढे जाता कामा नये. शॉट अर्धा राहिला तरी थांबायचं.

१:४५ ते २:४५ सीन २, जिना, काकू जादा किल्ली देतात. ३ शॉट. कपडे सीन ३ चेच. दुपारी दोन ते चार जिन्यावर ये-जा सगळ्यात कमी असते. कुणी आलंच तर समीर, थांबवायचं नाही. आपण कॅमेरा बाजूला घ्यायचा आणि त्यांना जाऊ द्यायचं.

यानंतर सुनंदाताई पाचपर्यंत मोकळ्या. आतली खोली त्यांच्यासाठी ठेवलीय, तिथे कुणी सामान टाकू नये. गार्गी कपडे बदलेल.

३:०० ते ३:४५ सीन ४, जिना, निशा दार वाजवते. ३ शॉट.

३:४५ ते ४:४५ सीन ५, निशा किल्लीने दार उघडून रिकाम्या हॉलमध्ये येते. ३ शॉट. किल्ली उजव्या हातात, ओढणी डाव्या खांद्यावर. सीन ४ चा शेवटचा फोटो बघितल्याशिवाय दार उघडू नये.

५:०० ते ५:३० मोटर पुन्हा चालू, गच्चीवरची टाकी भरते, आवाज मोठा. हा अर्धा तास सामान वर न्यायला, सुनंदाताईंच्या साडीला आणि चहाला. सगळ्यांनी पाणी प्या.

५:३० ते ६:३० सीन ६, गच्ची, काकू दोरीवरचे कपडे काढतात, निशा धापा टाकत येते. ४ शॉट. सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास आहे. हा सीन हुकला तर दुसरा दिवस नाही. घड्याळात ५:१५ झाले की खाली काहीही उरलेलं असलं तरी कॅमेरा वर जाईल.

७:०० ते ८:०० सीन ७, स्वयंपाकघर, रात्र. २ शॉट. ८:३० पॅकअप.

वेळ कमी पडली तर

काय सोडायचं ते आज ऋतुजाबरोबर बसून ठरवलंय, म्हणजे उद्या दमलेल्या डोक्याने वाद होणार नाहीत. साडेअकरापर्यंत सीन ३ च्या काकूंच्या बाजूचे शॉट संपले नाहीत, तर ३-छ (कपाचा इन्सर्ट) आणि ३-ज (भिंतीवरचं घड्याळ) रद्द. साडेतीनला सीन ४ चालूच असेल, तर ४-क रद्द आणि सीन ५ एकाच लांब शॉटमध्ये. सीन ७ मध्ये दुसरा शॉट नसला तरी फिल्म पूर्ण होते. सीन ६ मधलं काहीही रद्द होणार नाही.

चेकलिस्ट

कॅमेरा (ओंकार): तीन बॅटऱ्या रात्रीच चार्ज. ६४ जीबीची दोन कार्डं रिकामी. आपल्या सेटिंगला तासाला साधारण ४५ जीबी लागतात, म्हणजे एक कार्ड सव्वा तासाच्या वर धरू नका. २५ फ्रेम्स, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दुसरं काही ठेवलं तर जिन्यातली ट्यूबलाइट लुकलुकेल. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. पांढरा थर्माकोल, ट्रायपॉड, लेन्सचं कापड, एक्स्टेन्शन बोर्ड दोन.

साउंड (तन्मय): रेकॉर्डर, बूम, लेपल एक, हेडफोन, सेल्सचे दोन सेट. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास. पंखे आणि फ्रिज शॉटपुरते बंद. फ्रिज बंद करशील तेव्हा तुझ्या गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेव, म्हणजे तो चालू केल्याशिवाय तुला घरी जाता येणार नाही. आत्यांचं दूध नासायला नको. प्रत्येक जागा सोडण्याआधी एक मिनिट सगळे गप्प, तिथली शांतता रेकॉर्ड करायची.

कपडे आणि प्रॉपर्टी (मानसी): काकूंची हिरवी सुती साडी सीन १, ३, २ साठी आणि निळी सीन ६, ७ साठी. निशाचा पिवळा कुर्ता सीन ३, २. पुढे राखाडी कुर्ता आणि ओढणी. पितळी किल्ली एक आणि तिच्यासारखीच दुसरी. एक हरवली तर काम थांबता कामा नये. कपबशांचे दोन जोड, चहा पावडर, साखर, दोरी, चिमटे, सेफ्टी पिना, इस्त्री.

समीर: दोन जार पाणी, इलेक्ट्रॉल, प्रथमोपचाराची पेटी, कचऱ्याच्या पिशव्या. भरलेलं कार्ड आलं की लॅपटॉपवर आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन्हीकडे कॉपी. दोन्हीकडच्या क्लिप उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, ओंकारने मागितलं तरी.

मी: क्लॅप, मार्कर, छापील स्क्रिप्टच्या पाच प्रती, टेप, परवानगीचं पत्र, दोघी कलाकारांची संमतिपत्रं. काहीही हलवण्याआधी मी हॉल आणि स्वयंपाकघराचे फोटो काढणार. पॅकअपला त्याबरहुकूम सगळं परत जागेवर, सोफ्यावरच्या उशांसकट.

ओंकार आणि तन्मय, आपापलं सामान बॅगेत भरून त्याचा फोटो आज रात्री दहापर्यंत ग्रुपवर टाका. मानसी, निळ्या साडीचा ब्लाउज शिंप्याकडून आला का, ते मला आत्ताच फोन करून सांग.