आडवा शब्द ११: दिनकर की दिवाकर?

सातारा,
१६ जून २०२५

मा. शब्दकोडे संपादक,
रविवार पुरवणी

स. न. वि. वि.

८ जूनच्या कोड्यात आडव्या ११ चे शोधसूत्र एवढेच होते: 'सूर्य (४)'. कालच्या अंकात त्याचे उत्तर 'दिनकर' छापले आहे. मी 'दिवाकर' लिहिले होते आणि माझ्या मते तेही तितकेच बरोबर आहे.

माझ्याकडच्या कात्रणात पहिल्या घरातला 'दि' उभ्या ११ च्या 'दिलासा'तून मिळतो आणि तिसऱ्या घरातला 'क' उभ्या १२ च्या 'कस्तुरी'तून. दुसऱ्या आणि चौथ्या घराच्या वर-खाली मात्र काळी घरेच आहेत. म्हणजे सोडवणाऱ्याच्या हाती उरते 'दि–क–'. त्यात 'न' भरा नाहीतर 'वा', कोडे कुठेच अडत नाही. आपल्याकडे काना-मात्रेसकट अख्खे अक्षर एकाच घरात बसते, त्यामुळे अक्षरे मोजूनही फरक कळत नाही. भास्कर तीन घरांचा म्हणून बाद होतो आणि प्रभाकर 'दि'मुळे. हे दोघे मात्र शेवटपर्यंत टिकतात.

आमच्या घरी यावरून वाद झाला. यजमानांचे म्हणणे, दिवस करतो तो दिनकर, आणि दिवाकर म्हणजे दिवे लावणारा! मी कोश काढून दाखवला. या शब्दातला 'दिवा' म्हणजे समई-पणती नव्हे, संस्कृतात 'दिवा' म्हणजे दिवसा. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. अमरकोशात तर सूर्याची नावे जिथे सुरू होतात त्या पहिल्याच ओळीत दिवाकर आहे.

दोष मोठा नाही, शोधसूत्रात चार शब्द वाढवले असते तरी भागले असते. 'सूर्य, हिंदी कवी रामधारी सिंह यांचे टोपणनाव' म्हटले की दिनकरच येतो. 'सूर्य, नाट्यछटाकार शं. का. गर्गे यांचे टोपणनाव' म्हटले की दिवाकर. मराठी कोड्यात मला दुसरे जास्त आवडले असते, पण ती झाली माझी आवड.

सोडतीत माझा नंबर लागावा म्हणून हे लिहीत नाही. पण केवळ या एका शब्दापायी ज्यांच्या प्रवेशिका बाजूला पडल्या असतील, त्यांना पुन्हा सोडतीत घ्यावे आणि पुढच्या रविवारी दोन्ही उत्तरे ग्राह्य असल्याचे छापावे, ही विनंती. भरलेल्या कोड्याचे कात्रण सोबत जोडले आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
कुसुम

ता. क. उभा १९, 'उलटसुलट कसेही वाचा, चहा असाच हवा (३)', फार झकास. 'कडक' सुचेपर्यंत माझा चहा गार झाला होता.