विषय: ओळख – मेधाताई (फॉन्ट) आणि निखिल (मुलांचं वाचन अ‍ॅप), पंचवीस मिनिटांच्या एका कॉलसाठी

नमस्कार मेधाताई, निखिल,

तुम्हा दोघांना आधी वेगवेगळं विचारलं होतं आणि दोघांचाही होकार आला, म्हणून हा मेल. निखिलचं जे अडलंय ते मेधाताईंचं रोजचं काम आहे, आणि मेधाताईंना जे हवंय ते निखिलकडे तयार आहे.

मेधाताई, निखिल पहिली ते चौथीच्या मुलांसाठी मराठी गोष्टी वाचायचं अ‍ॅप बनवतो. त्याच्याकडे मजकूर वेगवेगळ्या लेखकांकडून येतो आणि एकच शब्द दोन तऱ्हांनी टाइप झालेला असतो:

```
दऱ्या   U+0926 U+0931 U+094D U+092F U+093E
दर्‍या   U+0926 U+0930 U+094D U+200D U+092F U+093E
```

पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना जुळत नाहीत. NFC करूनही एक होत नाहीत. त्यात मजकूर साफ करणारी स्क्रिप्ट न दिसणारी अक्षरं काढून टाकत होती. दुसऱ्या ओळीतला U+200D गेला की रफार चढतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा थेट दर्या होतो. नुकतंच वाचायला लागलेलं मूल ते तसंच वाचणार. स्क्रिप्ट त्याने दुरुस्त केली आहे. आता साठवताना पहिलं रूप कायम करावं असं त्याच्या मनात आहे. त्याआधी त्याला विचारायचंय की फॉन्टच्या बाजूने त्यात काही अडचण आहे का, विशेषतः ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’ अशा ‘ऱ्ह’च्या शब्दांत.

दुसरा प्रश्न छोटा आहे. पानावर `lang="mr"` असूनही शीर्षकात मराठी वळणाचे ल आणि श येतात, मजकुरात मात्र हिंदी वळणाचे. मजकुराची फॉन्ट फाइल हलकी करताना त्यातलं `locl` गळालं असावं असा माझा अंदाज आहे. ती फाइल उघडून पाहिली की तुम्हाला लगेच कळेल.

निखिल, मेधाताई बरीच वर्षं देवनागरी फॉन्ट करतात आणि सध्या त्यांचा लहान मुलांसाठीचा नवा फॉन्ट चाचणीत आहे. त्यांना तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, मुलांच्या मजकुरात खरोखर येणाऱ्या जोडाक्षरांची यादी, प्रत्येक किती वेळा येतं त्या आकड्यासकट. कोणत्या जोडाक्षरांवर आधी हात फिरवायचा ते त्यावरून ठरेल. दोन, जुन्या फोनवरचे स्क्रीनशॉट. ‘र्कीं’सारख्या अक्षरात वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच जागी गर्दी करतात. ओळींतलं अंतर कमी असलं की वरचा भाग कापला जातो, आणि संगणकाच्या मोठ्या पडद्यावर हे ध्यानात येत नाही. एकच पान अकरा फोनवर उघडून फोटो घेणारी तुझी जुळणी इथे नेमकी उपयोगाची आहे.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. फॉन्ट अजून प्रसिद्ध झालेला नाही, त्यामुळे तो फक्त चाचणीपुरता वापरायचा. अ‍ॅपमध्ये घालायचा नाही, पुढे पाठवायचा नाही. आणि निखिलकडून फक्त अक्षरं आणि आकडे जातील, लेखकांचा मजकूर नाही. या कॉलपलीकडे मेधाताईंचं काम निघालं तर ते फी ठरवूनच होईल. निखिलला याची कल्पना आहे.

आता पुढचं. दोघंही ‘समोरून मेल येईल’ म्हणून थांबलात तर महिना असाच जाईल, म्हणून निखिल, गुरुवारपर्यंत तू आधी लिही. मेधाताई सकाळी शिकवतात. त्यांना मंगळवार किंवा शुक्रवार, दुपारी चारनंतर सोयीचं आहे. त्यातली एक वेळ तूच सुचव. सोबत मजकुराची फॉन्ट फाइल, ल-श दिसणारा एक स्क्रीनशॉट आणि अडलेले दहा-बारा शब्द पाठव. शब्द मेलमध्ये चिकटवू नकोस, वाटेत U+200D हरवू शकतो. UTF-8 मधली .txt फाइल जोड. मेधाताई कॉलआधी एवढंच पाहतील, म्हणून गोष्टींचं अख्खं फोल्डर नको.

मेधाताई, या आठवड्यात कामाचा रेटा असेल तर ‘पुढच्या महिन्यात’ एवढी एक ओळ पुरे, निखिलला घाई नाही. आणि फाइल बघितल्यावर लेखी उत्तरातच काम भागतंय असं वाटलं तर कॉल नाही केला तरी चालेल.

दोघांचे मेल पत्ते वर आहेतच. पुढच्या उत्तरांत मला ठेवायची गरज नाही. ‘ऱ्ह’चं काय ठरलं तेवढं मात्र सवडीने कळवा, मला खरंच उत्सुकता आहे.

स्नेहपूर्वक,
सुजाता